पंचाहत्तर टक्क्यांमागचा प्रतिसाद

दुपारपासून तक्रारी येत होत्या: बिलिंगचा स्क्रीन उघडायला वेळ लागतोय. डेटाबेस ज्या डिस्कवर होता, तिचा तासाभराचा वापर आलेखात सरासरी ७५ टक्के दिसत होता. साहेबांचं म्हणणं, "डिस्क अजून पाव वेळ रिकामी असते, मग अडचण डिस्कची कशी?"

मी कागदावर एवढंच लिहिलं:

```
U = X * S
R = S / (1 - U)
```

`X` म्हणजे सेकंदाला पूर्ण होणाऱ्या विनंत्या, `S` म्हणजे एका विनंतीवर डिस्क प्रत्यक्ष काम करते तो वेळ, `U` म्हणजे वापर, डिस्क किती वेळ कामात होती याचं प्रमाण, आणि `R` म्हणजे रांगेत थांबणं धरून लागणारा एकूण वेळ. तासाभरात सेकंदाला सरासरी १५० विनंत्या होत्या. ०.७५ भागिले १५०, म्हणजे `S` ५ मिलिसेकंद. फिरत्या डिस्कला हे साजेसं आहे. मग `R` आला ५ भागिले ०.२५, म्हणजे २० मिलिसेकंद. पण डेटाबेस सरासरी ३५ च्या आसपास दाखवत होता.

या तफावतीनेच मला वाट दाखवली. `iostat -x 5` लावून बसलो. (त्याचा पहिला अहवाल मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी देतो, तो सोडून द्यायचा.) काही मिनिटं १२० विनंत्या आणि ६० टक्के वापर, मग अचानक १८० विनंत्या आणि ९० टक्के. तासाचा निम्मा वेळ अहवाल काढणारं एक काम चालू असे. शांत वेळात `R` १२.५ मिलिसेकंद, गर्दीत ५०. म्हणजे काम दीडपट झालं आणि लागणारा एकूण वेळ चौपट! गर्दीत विनंत्याही जास्त येतात, म्हणून त्यांचा भार धरून सरासरी काढली: (१२० × १२.५ + १८० × ५०) भागिले ३००. उत्तर बरोबर ३५.

पडताळा म्हणून लिटलचा नियम लावला: १८० गुणिले ०.०५, म्हणजे ९ विनंत्या एका वेळी डिस्कपाशी असायला हव्यात. गर्दीत `aqu-sz` च्या रकान्यात नऊच्या आगेमागेच आकडे होते. आता साहेबांनाही पटलं. अहवालाचं काम रात्रीवर ढकललं आणि दिवसाचा `R` तेराच्या जवळ स्थिरावला.

मात्र हे सूत्र एकच सेवक, विनंत्यांचं अनियमित येणं आणि कमीजास्त होणारा सेवावेळ गृहीत धरतं. एसएसडी किंवा रेड एकाच वेळी अनेक विनंत्या हाताळतात, आणि `%util` फक्त निदान एक विनंती चालू असलेला वेळ मोजतो. तिथे ९० टक्के दिसले तरी बरीच क्षमता शिल्लक असू शकते. तिथे मी `r_await` आणि `w_await` थेट पाहतो.