माझा अनुभव : गज तिरका का जात होता

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी व्हायोलिन हातात घेतलं, तेव्हा डाव्या हाताच्या बोटांची भीती वाटत होती. पहिले आठ महिने छळलं ते गज धरणाऱ्या उजव्या हातानं. कोल्हापूरच्या राजारामपुरीतले आमचे सर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. ते मला काका म्हणतात, मी त्यांना सर. मांडी घालून, व्हायोलिनचं वळलेलं टोक म्हणजे स्क्रोल पायावर टेकवून वाजवायचं ते पुढच्या वर्षी. पहिलं वर्ष सर उभंच ठेवतात आणि तेही बहुतेक मोकळ्या तारांवर.

माझं दुखणं ठरलेलं होतं. ए तारेवर गज निम्म्यापर्यंत छान यायचा. पुढं टोकाकडं जाताना तारा ज्यावर टेकतात त्या घोडीपासून सरकत सरकत, बोटं दाबायच्या फिंगरबोर्डावर चढायचा आणि आवाज फुसफुसायला लागायचा. मला वाटलं गजाच्या केसांना लावायची राळ, रोझिन, कमी पडतंय. इतकं लावलं की तारांवर पांढरी पूड साठली. आवाज मात्र होता तसाच, वर खरखर वाढली.

"काका, हात मागं चाललाय बघा की," सर म्हणाले.

त्यांनी मला कपाटाच्या आरशासमोर थोडं तिरकं उभं केलं, घोडी आणि गज दोन्ही दिसतील असं. मग दिसलं. मी अख्खा हात खांद्यातून दार उघडल्यासारखा फिरवत होतो. दाराची कड गोल फिरते, तसा माझा गजही गोल फिरायचा. सरळ जायचं तर निम्म्यानंतर खांदा जवळजवळ थांबला पाहिजे, कोपर उघडलं पाहिजे आणि टोक येईल तसा हात शरीरापासून पुढं गेला पाहिजे. ते पुढं नेणं पहिल्यांदा चक्क चूक वाटतं. आरशात बघितल्याशिवाय मला पटलंच नसतं.

सरांनी गजाच्या काठीवर कागदी टेप चिकटवली. कोपर काटकोनात येतं, तिथं. पंधरा दिवस फक्त टेपपासून टोकापर्यंत आणि परत. दंड हलवायचा नाही. गजाचा खालचा, मुठीकडचा अर्धा भाग, जिथं दंडाचं काम असतं, तो नंतर.

तरीही शेवटच्या चार बोटांत गज वाकडा व्हायचाच. कारण मनगट मोकळं नव्हतं, आणि ते मोकळं नव्हतं कारण अंगठा ताठ होता. ही साखळी कळायला मला महिना लागला. अंगठ्याच्या बुडाशी दुखायचं ते मी सवय नसल्यामुळं म्हणून सोडून देत होतो. खरं तर मी गज लाटण्यासारखा आवळत होतो.

मग पेन्सिलवर पकड. अंगठ्याचं टोक टेकवायचं, त्याचा सांधा बाहेरच्या बाजूला वाकलेला. समोर मधलं बोट. अनामिका त्याच्या शेजारी सैल. तर्जनी मधल्या पेराजवळ बाजूनं टेकलेली, करंगळी गोल करून टोकावर उभी. गजावर अंगठ्याची जागा मुठीकडच्या ठोकळ्याच्या, म्हणजे फ्रॉगच्या, अगदी कडेला. करंगळी मला शोभेची वाटायची. पण गज साधारण साठ ग्रॅमचा. फ्रॉगजवळ वाजवताना त्याचं बहुतेक वजन तारेच्या पलीकडं लोंबतं, ते करंगळी तोलते. टोकाशी उलट, तिथं वजन कमी पडतं, ते तर्जनी देते. वाजवता वाजवता मध्येच सर म्हणायचे, "करंगळी उचलून टेकवा." उचलता आली नाही, तर हात आवळलेला. अंगठ्याचंही तसंच, सांधा हलवता आला पाहिजे.

जुलैत कोल्हापूरचा पाऊस लागला आणि गजाचे केस ओलाव्यानं सैल पडले. मी स्क्रू पिळत गेलो, काठीचा बाक जवळजवळ सरळ होईपर्यंत. गज तारेवर उड्या मारायला लागला. मध्यावर काठी आणि केस यांत पेन्सिल जाईल एवढंच अंतर ठेवायचं, आणि वाजवून झालं की सैल करायचं. हे मला गजाला इजा होण्याआधी कळलं, नशीब.

आवाज धरण्याचा सराव आता असा : मेट्रोनोम साठवर, एका गजात चार ठोके, घोडी आणि फिंगरबोर्ड यांच्या मधोमध. किरकिरला तर गजाच्या वेगाच्या मानानं दाब जास्त. फुसफुसला तर दाब कमी किंवा गज घाईत. मी एका वेळी एकच गोष्ट बदलतो, नाहीतर काय सुधारलं ते कळत नाही. तारेकडंही बघतो : आवाज एकसारखा असला की तार रुंद पट्ट्यासारखी थरथरताना दिसते, आणि दाब हलला की तो पट्टा आधी आक्रसतो, कान नंतर ओळखतो.

चार ठोके आता नीट येतात. आठ ठोक्यांत मात्र टेपच्या आसपास गज अजून थरथरतो. सरांचं म्हणणं, खांदा वर उचलला जातोय. काल आरशात बघितलं, जातोयच.