पत्ता ३१ आणि ‘जिथे’ची कसोटी

इंग्रजी व्याकरणाच्या सरावासाठी मी कागदाचे पत्ते करतो, प्रत्येकावर रिकामी जागा असलेलं एक वाक्य आणि खाली पर्याय. मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की त्यातला रिलेटिव्हचा, म्हणजे व्हिच-व्हेअरनं जोडलेल्या वाक्यांचा, गठ्ठा पूर्ण झाला, आता कंडिशनलला हात घालतो. ते मागे घेतो. रविवारी आमच्या ओट्यावर सहा जण पत्ते सोडवायला बसले आणि पत्ता ३१ वर पाच जणांनी चुकीचं उत्तर दिलं, तेही अगदी ठाम. पत्ता असा होता:

धिस इज द व्हिलेज ___ वी रीच्ड ॲट नाइट.

पर्याय चार: व्हेअर, व्हिच, इन व्हिच, व्हेन. बरोबर उत्तर व्हिच. पाच जणांनी व्हेअर लिहिलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अरे, तू दिलेल्या कसोटीनंच गेलो की आम्ही!” त्यांचं खरं होतं.

माझी कसोटी जुन्या मंडळींना आठवत असेल. वाक्य मराठीत म्हणायचं. ‘जे’ आलं तर व्हिच, ‘जिथे’ किंवा ‘ज्या घरात’ आलं तर व्हेअर. ‘आजोबांनी बांधलेलं घर’ म्हणजे ‘जे घर आजोबांनी बांधलं’, म्हणून द हाउस व्हिच ही बिल्ट. ‘ज्या घरात आजोबा जन्मले’ ते द हाउस व्हेअर ही वॉज बॉर्न. पहिल्या तीस पत्त्यांवर ही कसोटी चोख चालली, कारण ते पत्ते मीच निवडले होते आणि नकळत सगळी सोपी क्रियापदं घेतली होती. रीचनं तिची मर्यादा दाखवली. मराठीत आपण गावात पोचतो, ‘जिथे रात्री पोचलो ते गाव’ म्हणतो. इंग्रजीत रीच या क्रियापदाला मध्ये शब्दयोगी काही लागतच नाही. तिथे गाव हे थेट कर्म आहे. म्हणजे मराठीची विभक्ती एक सांगते आणि इंग्रजी क्रियापद दुसरंच मागतं.

सोमवारी रात्री कोश घेऊन बसलो. शिकणाऱ्यांसाठीचा कोश, ज्यात क्रियापदाला थेट कर्म लागतं की नाही हे खुणेनं दिलेलं असतं. या कामाला तोच हवा. नुसता इंग्रजी-मराठी कोश इथे उपयोगाचा नाही, तो रीचसमोर ‘पोचणे’ एवढंच सांगतो आणि आपण पुन्हा त्याच खड्ड्यात. शोधताना रीचची भावंडं सापडली. एंटर: आपण खोलीत शिरतो, इंग्रजी एंटर्ड द रूम. लीव्ह: आपण स्टेशनावरून निघतो, इंग्रजी लेफ्ट द स्टेशन. अप्रोच: आपण किल्ल्याजवळ जातो, इंग्रजी अप्रोच्ड द फोर्ट. व्हिजिट: आपण गावाला भेट देतो, इंग्रजी व्हिजिटेड द व्हिलेज. पाचही ठिकाणी मराठी प्रत्यय ‘व्हिच’पासून दूर ढकलतो आणि पाचही ठिकाणी उत्तर व्हिच.

मग वाटलं, मराठी सोडून इंग्रजीतच रिकाम्या जागेनंतरचा तुकडा वेगळा काढावा आणि त्यात देअर घालून पाहावं. आय लिव्ह्ड देअर चालतं, म्हणून व्हेअर. पण इथेही गाडी अडली, कारण आपल्याकडे ‘आय रीच्ड देअर’ इतकं रुळलं आहे की कानाला खटकत नाही. अर्धा तास याच्यावर अडून होतो. उपाय सापडला तो प्रश्नांच्या क्रमात. आधी इट घालून पाहायचं, देअर नंतर. रीच्ड इट बसतं का? बसतं. म्हणजे कर्माची जागा मोकळी आहे, ती व्हिचनं भरायची, विषय संपला. लिव्ह्ड इट बसत नाही, मग लिव्ह्ड देअर पाहा. बसतं, म्हणून व्हेअर. लिव्ह्ड इन इट पण बसतं, म्हणून इन व्हिच सुद्धा बरोबर.

एक सावधगिरी. द शॉप ___ वी एट पोहे. इथे कर्माची जागा पोह्यांनी आधीच घेतली आहे, इट घालायला जागा नाही, म्हणून व्हेअर. पण पोहे काढून टाकले तर ‘एट इट’ व्याकरणात बसतं आणि आपण दुकानच खाल्लं असा अर्थ होतो. तेव्हा इट घातल्यावर अर्थही पाहायचा.

हे लिहितानाच एक गोष्ट जाणवली. मी गेले दोन महिने शिकवतोय की व्हेअर म्हणजे शब्दयोगी अधिक व्हिच. हे अर्धंच खरं आहे. इन, ऑन, ॲट आणि जाण्याच्या अर्थाचा टू, एवढ्यांनाच व्हेअर पोटात घेतो. कारण देअर या एका शब्दात ‘तिथे’ मावतं. ‘तिथून’ आणि ‘त्यातून’ मावत नाही. द विंडो ___ द कॅट केम इन: खिडकीतून आली, थ्रू इट. व्हेअर लिहिलं तर ‘जिथे मांजर आत आली ती खिडकी’ असं काहीतरी सैल होतं, म्हणून थ्रू व्हिच. द व्हिलेज ___ ही केम: फ्रॉम व्हिच. व्हेअर घ्यायचाच असेल तर फ्रॉम शेवटी ठेवावा लागतो, व्हेअर ही केम फ्रॉम. आणि द नाइफ ___ शी कट द मँगो यात तर ठिकाणच नाही, सुरीनं कापला, विथ व्हिच. बाजारातल्या तयार सरावपुस्तकांत ‘ठिकाण असेल तर व्हेअर’ एवढीच ओळ असते. ती ओळ पाठ केलेल्या मुलाला खिडकीही ठिकाणच वाटणार. मला ती ओळ मान्य नाही.

इथे गंमत अशी की याच जागी मराठी परत कामाला येते. ‘जिथे’ आणि ‘जिथून’ आपण कधीच गोंधळत नाही. म्हणजे जुनी कसोटी फेकायची नाही, ती दुसऱ्या पायरीवर ठेवायची: आधी इट, तो बसला नाही तरच मराठी प्रत्यय.

व्हेन आणि व्हाय या दोघांना हाच क्रम लावून पाहिला. द डे वी मेट: मेट इट नाही, मेट ऑन दॅट डे, म्हणून व्हेन किंवा ऑन व्हिच. द डे वी स्पेंट इन मांडू: स्पेंट इट, म्हणून व्हिच. वर्ष असेल तर इन व्हिच, क्षण असेल तर ॲट व्हिच, हे वेगळं लक्षात ठेवायला लागतं. व्हायचं काम त्याहून छोटं, पण चूक हमखास. द रीझन ___ ही लेफ्ट: त्या कारणानं गेला, व्हाय किंवा फॉर व्हिच. द रीझन ___ ही गेव्ह: गेव्ह इट, म्हणून व्हिच. रीझन दिसला की हात आपोआप व्हायकडे जातो, आणि गेव्हवर फसतो. हा पत्ता मी गठ्ठ्यात मुद्दाम टाकतो आहे.

पत्त्यांमध्ये माझीही एक चूक सापडली. ९ आणि १७ क्रमांकांवर पर्यायांत व्हेअर आणि इन व्हिच दोन्ही होते आणि वाक्य होतं लिव्ह्डचं. दोन्ही उत्तरं बरोबर. ते पत्ते बाद. इन व्हिच पर्यायात ठेवायचाच असेल तर सोबत व्हेअर नको, ऑन व्हिच किंवा फ्रॉम व्हिच ठेवा.

विचार होता की व्हेअरचे पत्ते हिरव्या कागदावर आणि व्हिचचे पिवळ्यावर लिहावेत. आता नको. रंग पाहून उत्तर देतील. शिवाय राजवाड्याजवळच्या एका दुकानातून आणलेला हिरवा कार्डशीट जेल पेन पसरवतो, पांढरा जाड कागदच बरा. त्याऐवजी जोडपत्ते करतो: नाम तेच, क्रियापद बदललेलं. द व्हिलेज ___ वी रीच्ड आणि द व्हिलेज ___ वी स्टेड, एकामागोमाग. बुधवारी अशा बारा जोड्या काकूंना दिल्या. अकरा जोड्या पूर्ण बरोबर आल्या. राहिली ती स्टेशनाची, द स्टेशन ___ वी लेफ्ट ॲट नाइन, तिथे त्यांनी फ्रॉम व्हिच लिहिलं. जिथून निघालो, म्हणून. इटची पायरी त्यांनी तिथे गाळली होती. विचारल्यावर लेफ्ट इट असं पुटपुटल्या आणि स्वतःच खोडलं.

कंडिशनल पुढच्या महिन्यात.