काहीच झालं नाही त्या दिवशी चार लाखाची खरेदी

आमचे आबा धुळ्याचे, जिनिंगचा धंदा, आणि त्यांच्या 10 लाखावर निफ्टीच्या ईटीएफचं एक छोटं ऑटोमॅटिक रूटीन मी चालवतो. डोकं लावायचं कामच नाही, रोज सकाळी बाजार उघडला की कालपर्यंतचे क्लोजिंग भाव घ्यायचे, गेल्या 20 दिवसांच्या रोजच्या रिटर्नचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढायचं, वर्षाचं करायला 252 च्या वर्गमुळाने गुणायचं, आणि 12 टक्के टार्गेटला त्याने भागायचं. आलेला आकडा म्हणजे वजन, पैशाचा किती हिस्सा बाजारात ठेवायचा ते. जास्तीत जास्त 1, उधारीचा खेळ नाही.

```python
vol = r.rolling(20).std() * 252**0.5
w = (0.12 / vol).clip(upper=1).shift(1)
```

`r` म्हणजे रोजचे रिटर्न. हा कोड बॅकटेस्टचा, म्हणजे जुन्या भावांवर करून बघायचा, आणि त्यातला `shift(1)` विसरलात तर आजचा भाव वापरून आजचीच साइझ ठरते आणि बॅकटेस्ट खोटाच भारी दिसतो, पण ती चूक माझी नव्हती, माझी दुसरीच निघाली.

4 जुलै 2024, गुरुवार. मी चहा घेत बसलो होतो तेवढ्यात आबांचा फोन. "काय व्हयनं रे भाऊ, बाजारमा काही शे का? चार लाखाची खरेदी झाल्याचा मेसेज आला." मी म्हटलं काही नाही हो आबा, आणि म्हणता म्हणता माझंच पोट ढवळलं. कारण खरंच काही नव्हतं, आदल्या दिवशी निफ्टी पाऊण टक्कासुद्धा हलला नव्हता. तरी लॉगमध्ये वजन बुधवारी 0.44 आणि गुरुवारी 0.84.

पहिला संशय डेटावर. भाव दोनदा आला असेल, एखादा दिवस गळला असेल. बोनस किंवा स्प्लिट न धरल्याने असं होतं खरं, पण तेव्हा एकदम मोठी पडझड दिसते आणि साइझ कमी होते, इथे उलटं होतं. मग `r.tail(21)` छापलं आणि सगळ्यात वरच्या ओळीत बसलेलं होतं: -5.93 टक्के, 4 जून.

लोकसभेच्या निकालाचा दिवस, विसरणं शक्य नाही. बुधवारच्या क्लोजिंगला त्याला 21 वा दिवस लागला आणि तो 20 दिवसांच्या खिडकीबाहेर गेला. तो होता तेव्हा रोजचं डेव्हिएशन साधारण 1.7 टक्के, वर्षाचं 27, म्हणून 12 भागिले 27 म्हणजे 0.44. तो गेला आणि डेव्हिएशन एका रात्रीत 0.9 टक्क्यावर, वर्षाचं 14 च्या आसपास. वर्ग करून बेरीज होते ना, त्यामुळे एकटा 5.93 म्हणजे 35, बाकी साध्या दिवसांचे अर्धा टक्का धरला तर 0.25. एका दिवसाने अख्खी खिडकी धरून ठेवलेली. आणि पुढच्या सकाळी 5 जूनची 3.36 टक्क्यांची तेजीपण बाहेर पडणार होती (या गणिताला वर काय अन् खाली काय, दोन्ही जोखीमच), म्हणजे वजन 1 च्या वर जाणार आणि वरच्या मर्यादेवर अडकून 1 होणार. शुक्रवारी अजून दीड-पावणेदोन लाखाची खरेदी आणि कारण काय, तर कॅलेंडर.

हे आबांना फोनवर कसं सांगायचं? मी सांगितलं, आबा, समजा तुमच्याकडे महिनाभर एक भांडखोर पाव्हणा राहिला, एकदाच भांडला होता पण तुम्ही 20 दिवस रोज तेवढेच घाबरून राहिलात आणि 21 व्या दिवशी तो गेल्याबरोबर सगळी दारं उघडी टाकली. आबा हसले, म्हणे मग भीती रोज थोडी थोडी कमी कर ना.

तेच केलं. शुक्रवारची ऑर्डर हाताने थांबवली आणि साधी खिडकी काढून हे टाकलं:

```python
vol = r.ewm(halflife=10).std() * 252**0.5
```

यात दहा दिवसांनी जुन्या रिटर्नचं वजन अर्धं होतं, वीस दिवसांनी पाव, कुणीच दरवाजा आपटून जात नाही. फुकट मात्र काही मिळत नाही. नव्या दिवसाचं वजन साध्या खिडकीत 5 टक्के असतं, यात साधारण 6.7, म्हणजे 4 जूनच्या दुसऱ्या सकाळी हे रूटीन पहिल्यापेक्षा कमी पैसा बाजारात ठेवतं, आणि 5 जूनला बाजार वर गेला होता हे सगळ्यांना माहीत आहे. पडायच्या दिवशी माल हातात असतोच, मागे बघून मोजणारा कुठलाच फॉर्म्युला तो दिवस चुकवत नाही, हे आबांना तेव्हाच सांगून टाकलं. त्यावर ते एवढंच म्हणाले की एका दिवसात एक लाखाच्या वर घेऊ-विकू नको, मग ती मर्यादापण घातली. झटपट उतरायचं असेल तेव्हा ती आडवी येणार हे मला दिसतं, पण पैसा त्यांचा.

जुनी खिडकी मी फक्त बघायला ठेवली आहे. लॉगमध्ये रोज एक ओळ छापतो, उद्या कुठला रिटर्न 20 मधून बाहेर पडणार तो. चार-पाचशे ओळींमागे एखादी दचकवते.