ढांग पुढे नाही, मागे

उजव्या कुल्ल्याखाली, बसायच्या हाडाजवळ दुखतंय म्हणून एक बेचाळिशीचे गृहस्थ पुण्यातल्या माझ्या क्लिनिकमध्ये आले होते. चार वर्षं हाफ मॅरेथॉन पळतात, दिवसभर खुर्चीत बसून काम. पळताना पहिले पाच किलोमीटर ठीक, मग दुखणं सुरू आणि शेवटी कंबरही धरायची. प्रशिक्षकांनी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या: ‘तुमचे ग्लूट्स झोपलेत’, म्हणजे कुल्ल्याचे स्नायू काम करत नाहीत, आणि ‘ढांग वाढवा’. पहिल्या वाक्यावर त्यांनी तीन महिने पायाला रबरबँड लावून कुशीवर गुडघे उघड-मीट केली. दुसऱ्या वाक्यावर पाऊल आणखी पुढे टाकायला लागले. दुखणं त्यानंतरच वाढलं.

ग्लूट्स झोपत नाहीत. झोपले असते तर हे गृहस्थ जिनाच चढू शकले नसते. स्नायू कमी ताकदीचा असतो, लवकर दमतो, किंवा त्याला काम करायला नीट जागा मिळत नाही. या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

ट्रेडमिलवर ताशी 10 किलोमीटरला पळायला लावून बाजूने फोनवर सेकंदाला 240 फ्रेम्सचं चित्रण केलं. मिनिटाला 158 पावलं. म्हणजे एक पाऊल साधारण 105 सेंटिमीटर. हा आकडा घड्याळही दाखवतं. त्यातलं किती पुढचं आणि किती मागचं हे मात्र ते सांगत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. पाय जमिनीला 62 फ्रेम टेकलेला होता, म्हणजे पाव सेकंदाच्या जरासा वर. तेवढ्या वेळात शरीर 72 सेंटिमीटर पुढे गेलं. त्यातले 38 सेंटिमीटर पाऊल खुब्याच्या पुढे असताना, 34 मागे गेल्यावर. उरलेले 33 हवेत.

पाऊल खुब्याच्या फार पुढे, गुडघा जवळजवळ सरळ ठेवून पडलं की प्रत्येक वेळी थोडा ब्रेक लागतो. त्याच क्षणी खुबा वाकलेला आणि गुडघा ताठ, म्हणजे मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग्ज ताणलेले, आणि त्यांचं मूळ बसायच्या हाडावर दाबलं जातं. दुखत होतं नेमकं तिथेच.

आता ग्लुटियस मॅक्सिमस, म्हणजे कुल्ल्याचा मोठा स्नायू. तो मांडी मागे ओढतो, म्हणून पाऊल जमीन सोडताना तो आवळायचा, असं पुष्कळ जण शिकवतात. प्रत्यक्षात त्याचं मोठं काम त्याआधीच उरकतं. पाय हवेत पुढे येत असताना शेवटी तो मांडीला लगाम घालतो आणि मागे वळवतो. पाऊल टेकल्यावर धड पुढे कोसळू देत नाही. जमीन सोडतानाचा रेटा मुख्यतः पोटरीचा. सपाटीवर सावकाश चालताना या स्नायूला फारसं काम नसतं, पळताना मात्र तो जोरात लागतो. म्हणून ‘मी रोज दहा हजार पावलं चालतो’ याने पळण्यापुरते ग्लूट्स तयार होत नाहीत.

टेबलावरच्या तपासणीत दोन गोष्टी सापडल्या. काठावर बसवून पाठीवर निजवलं, डावा गुडघा छातीशी धरून कंबर टेबलाला टेकवली आणि उजवा पाय सोडून दिला. मांडी आडवी व्हायला हवी होती, ती 8 अंश वरच अडकली. गुडघा सरळ केल्यावर खाली आली असती तर दोष मांडीच्या पुढच्या लांब स्नायूकडे गेला असता. ती आली नाही, म्हणजे खुब्याच्या पुढचा खोल स्नायू आखडलेला. ही तपासणी करताना कंबर उचलली गेली की मांडी आपोआप खाली येते आणि सगळं ठीक दिसतं. कंबरेखाली हात न घालता केलेली ही तपासणी मी धरतच नाही.

दुसरी, एका पायावर ब्रिज, म्हणजे पाठीवर निजून एकच पाय टेकवून कुल्ले वर उचलणं. डावीकडे 25 झाले, उजवीकडे 11, आणि अकराव्याला मांडीच्या मागे गोळा आला. कुल्ल्याचं काम हॅमस्ट्रिंग करत होतं. टाच कुल्ल्याजवळ घेतली की हॅमस्ट्रिंग आखूड होऊन त्याचा जोर कमी होतो आणि मोठ्या स्नायूला काम करावंच लागतं. तशी घेतल्यावर गोळा थांबला, पण सहाव्यालाच पाय थरथरायला लागला.

चित्रणात मांडी उभ्या रेषेच्या मागे 9 अंश जात होती. टेबलावर 8 अंश वर अडकणारी मांडी पळताना मागे जाते कशी? ओटीपोट पुढे झुकवून आणि कंबरेला बाक देऊन. ही उसनवारी शेवटच्या किलोमीटरला कंबर वसूल करत होती.

पहिली सूचना त्यांना पटली नाही. वेग तोच ठेवून पावलं 158 वरून 166 करा, म्हणजे ढांग 5 सेंटिमीटर आखूड.

“मॅडम, मी ढांग वाढवायला आलोय.”

“आधी चुकीच्या बाजूची कापू या.”

ताकदीसाठी दिवसाआड, दोन्ही पायांचे ब्रिज, मग एका पायाचे, मग कमरेवर वजन घेऊन. पुढे मागचा पाय मोकळा ठेवून पायरी चढणं. खोल वाकायचे व्यायाम पहिले सहा आठवडे बंद, कारण त्यात हॅमस्ट्रिंगचं मूळ पुन्हा हाडावर दाबलं जातं. ताणासाठी एक गुडघा जमिनीवर टेकवून, त्याच बाजूचा कुल्ला आवळून ओटीपोट आत वळवायचं आणि मगच इंचभर पुढे सरकायचं. बहुतेक जण पुढे झोकून देतात. दिसायला ताण मोठा, पण वाकते फक्त कंबर. आठव्या आठवड्यापासून तळजाईच्या चढावर दहा सेकंदांच्या सहा धावा, दर वेळी चालत खाली. चढावर पाऊल फार पुढे टाकताच येत नाही आणि खुब्याला जोर लावावा लागतो. सांगून जे जमत नाही ते चढ करून घेतो.

बाराव्या आठवड्याला तेच ट्रेडमिल, तोच वेग. पावलं 166, एक पाऊल 100 सेंटिमीटर. खुब्याच्या पुढे 31, मागे 37, हवेत 32. पुढचे 7 कापले गेले, मागे 3 मिळाले. बसायच्या हाडाचं दुखणं गेलं, कंबरही. एका पायाचा ब्रिज उजवीकडे 22. आणि ज्या श्रमात ते आधी ताशी 10 ने पळत त्यात आता 11 ने पळतात. त्या वेगाला पावलं 170, म्हणजे पाऊल 108 सेंटिमीटर. ढांग आधीपेक्षा वाढली, पण वेगाबरोबर.

मला अजून न उलगडलेला भाग कोनांचा आहे. टेबलावर मांडी 8 अंश वरून 2 अंश खाली आली, म्हणजे 10 अंशांची कमाई. पळताना मात्र 9 चे फक्त 11 झाले. 90 सेंटिमीटरच्या पायाला एक अंश म्हणजे दीड सेंटिमीटर, तेव्हा मागचे 3 सेंटिमीटर जुळतात. बाकीचे 8 अंश कुठे गेले? ओटीपोटाच्या हाडांवर लावलेल्या टिकल्यांवरून पुढचा झुकाव सुमारे 5 अंशांनी कमी दिसतो. म्हणजे खुबा खरोखर जास्त उघडला, पण ती कमाई आधी कंबरेचं कर्ज फेडण्यात गेली. उरलेले 3 अंश फोनच्या मोजमापाची चूक असू शकते. टिकल्या कातडीवर असतात, हाडावर नाही.

आणि दुखणं नेमकं कशाने गेलं? आठ पावलं वाढवल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ते निम्म्यावर आलं होतं, तेव्हा ब्रिजची ताकद जेमतेम 13 पर्यंत पोचली होती. प्रशिक्षकांना हे दाखवलं तर ते म्हणाले, “बघा, ग्लूट्स जागे झाले ना!”