आठ मिलिमीटरचा घोळ: माझ्या दुर्बिणीचं वर्धन मोजताना

अकरावीला प्रकाशाचा धडा संपला आणि मला स्वतःची दुर्बीण करायची होती. लक्ष्मी रोडवरच्या चश्मेवाल्याकडून प्लस एक नंबरची काच घेतली, म्हणजे नाभीय अंतर 100 सेंटीमीटर. आयपीससाठी घड्याळजी डोळ्याला लावतात ते पाचपट भिंग, नाभीय अंतर 5 सेंटीमीटर. पीव्हीसी पाइप, त्यात सरकणारी पुठ्ठ्याची नळी आणि पुढच्या काचेवर 25 मिलिमीटरचं भोक पाडलेला काळा कागद. तो कागद लावला नाही, तर कडांना निळे-जांभळे रंग फार दिसतात. सूत्र सोपं: `M = fo/fe = 100/5`, म्हणजे वीसपट.

हे वीस खरंच येतात का, ते मोजायचं ठरवलं. बाणेरला आमच्या गच्चीवरून अर्ध्या किलोमीटरवर एक बावीस मजली इमारत दिसते. एका डोळ्याने दुर्बिणीतून आणि दुसऱ्याने थेट, असं एकाच वेळी बघायचं. दुर्बिणीतला एक मजला बाहेरच्या किती मजल्यांवर बसतो, तेच वर्धन. दुर्बिणीत इमारत उलटी दिसते, पण उंचीची तुलना करायला त्याने काही बिघडत नाही.

वीसपट असेल तर एक मोठा मजला वीस मजले झाकून दोन शिल्लक राहायला हवे होते. माझा मजला मात्र अख्ख्या इमारतीच्याही बाहेर जात होता. शिवाय दुर्बिणीतलं चित्र स्पष्ट करावं तर बाहेरची इमारत पुसट व्हायची, बाहेरची स्पष्ट करावी तर आतलं चित्र विरघळायचं. पाच मिनिटांत कपाळ दुखायला लागलं. काचेचा नंबर चुकला असेल असं वाटून मी उन्हात कागदावर प्रतिमा पाडून पुन्हा मोजलं. 100 सेंटीमीटरच होते.

उलगडा झाला तो आजोबांमुळे. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. लांबचं छान दिसतं, वाचायला मात्र चश्मा लागतो. मी जुळवून ठेवलेल्या दुर्बिणीला डोळा लावून ते म्हणाले, "अगं, सगळं धुरकट आहे." मी म्हटलं, "आजोबा, मला तर एकदम स्पष्ट दिसतंय, तुम्ही नळी हलवून बघा." त्यांनी नळी थोडी बाहेर ओढली आणि खिडक्यांचे गज मोजायला लागले. नळीवर मी आधीच पेन्सिलची खूण केली होती. दुसरी खूण केली, पट्टी लावली. आठ मिलिमीटर.

ऑपरेशननंतर बसवलेलं भिंग जवळचं बघायला फुगत नाही. म्हणून आजोबांना चित्र लांब, अनंत अंतरावर असेल तरच स्पष्ट दिसतं. नॉर्मल अ‍ॅडजस्टमेंट म्हणतात ती हीच: ऑब्जेक्टिव्हने तयार केलेली प्रतिमा आयपीसच्या नाभीवर, दोन भिंगांत 105 सेंटीमीटर आणि डोळा पूर्ण सैल. मी नळी आतून बाहेर काढत आणली होती आणि पहिल्यांदा स्पष्ट दिसलं तिथेच थांबले होते. माझे तरुण डोळे ताण देऊन 25 सेंटीमीटरवरचं चित्रही पकडतात. तसं असेल तर मधली प्रतिमा आयपीसपासून किती लांब?

`1/u = 1/25 + 1/5 = 6/25`, `u = 4.17`

5 मधून 4.17 गेले, उरले 0.83 सेंटीमीटर, म्हणजे माझ्या पट्टीवरचे आठ मिलिमीटर! आणि वर्धन `100/4.17`, म्हणजे 24. बावीस मजल्यांची इमारत का पुरली नाही, ते कळलं. दोन्ही डोळे एकाच अंतरावर जुळतात, म्हणून एक चित्र 25 सेंटीमीटरवर आणि दुसरं अर्ध्या किलोमीटरवर असलं की एक पुसट होणारच. आजोबांच्या खुणेवर नळी ठेवून बघितलं, तर दोन्ही चित्रं एकदम स्पष्ट दिसली, मोठ्या मजल्याखाली वीस मजले आले आणि दोन उरले. आता मी नळी पूर्ण बाहेर काढून आत सरकवते आणि पहिल्या स्पष्ट जागी थांबते.

सूक्ष्मदर्शकाशी मात्र मी बराच वेळ अडखळले, कारण काही पुस्तकांत त्याची नॉर्मल अ‍ॅडजस्टमेंट 25 सेंटीमीटरवर धरतात. विचार केल्यावर पटलं. इमारत नुसत्या डोळ्यालाही लांबूनच दिसते, पण मुंगीचा पाय बघायचा तर आपण तो 25 सेंटीमीटरपर्यंत जवळ आणतोच. म्हणून तिथे तुलनाच त्या अंतराशी होते. ऑब्जेक्टिव्हने आठपट केलेल्या प्रतिमेवर माझं हेच 5 सेंटीमीटरचं आयपीस लावलं, तर चित्र अनंतावर असताना `8 × 25/5 = 40` आणि 25 सेंटीमीटरवर असताना `8 × (1 + 25/5) = 48`. दुर्बिणीत 20 चे 24 आणि इथे 40 चे 48. आयपीस एकच असल्यामुळे दोन्हीकडे वाढ 1.2 पट.

दोन्ही पेन्सिलच्या खुणा नळीवर अजून आहेत. बाहेरच्या खुणेशेजारी मी "आजोबा" असं लिहून ठेवलंय.