परतीची फेरी कोण भरणार?

"दर महिन्याला ट्रान्सपोर्टचं बिल बघितलं की धडकी भरते. त्यापेक्षा स्वतःच्या दोन गाड्या घेतल्या तर परवडेल का हो?"

कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत ज्यांचं कास्टिंगचं किंवा मशीन शॉपचं काम आहे, त्यांच्याकडून मला हे बऱ्याचदा ऐकायला मिळतं. माझं काम डिस्पॅचचं. म्हणून मी उलट एकच विचारतो: तुमची गाडी परत येताना काय घेऊन येणार? बाकीचा सगळा हिशेब या उत्तरावर उभा आहे.

शिरोली ते चाकण ही नेहमीची खेप घेऊ. जायला साधारण २६० किलोमीटर, येऊन-जाऊन ५२०. गाडी सहा चाकी, माल नऊ-दहा टन. सरासरी साडेपाचचं ॲव्हरेज आणि ९० रुपये लिटर डिझेल धरलं, तर डिझेलचेच साडेआठ हजार होतात. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर या नाक्यांचा दोन्ही बाजूंचा टोल तीन हजार धरा, ड्रायव्हरचा भत्ता आणि किरकोळ हजार, टायर-ऑइल-दुरुस्तीला किलोमीटरमागे तीन रुपये. म्हणजे एका खेपेचा चालता खर्च चौदा हजार. गाडी जागेवर उभी राहिली तरी लागणारा खर्च वेगळा: कर्जाचा हप्ता, ड्रायव्हरचा पगार, विमा, टॅक्स, फिटनेस. त्याचे महिन्याला ७५ हजार धरू. तुमचे आकडे थोडे इकडे-तिकडे असतील, ते घालून बघा.

आता बाजारातली गाडी. तिचं एकेरी भाडं १७ हजार धरलं, तर तुमच्या खेपेत वाचतात फक्त तीन हजार. ७५ हजार भरून काढायला महिन्याला २५ खेपा लागतील. चाकणला माल उतरवून परत यायला दोन दिवस जातात, रविवार वगळले तर महिन्यात जेमतेम बारा खेपा होतात. हिशेब बसायचाच नाही. बाजारातला गाडीवाला १७ हजारांत जातो, कारण तिकडून त्याला परतीचं भाडं मिळतं. तो रस्त्याचा अर्धा खर्च दुसऱ्या पार्टीकडून काढतो. तुमची गाडी रिकामी येत असेल तर तो अर्धाही तुम्हीच भरता.

पण बिनमधून माल पाठवणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. मशीनिंग केलेलं कास्टिंग गाडीत सुटं टाकता येत नाही. त्याच्या तयार कडांना ठोका बसला की तिकडच्या तपासणीत तो नग बाद. म्हणून ते स्टीलच्या बिनमध्ये, थरांत पॅकिंग घालून जातं, आणि रिकामे बिन परत आणावे लागतात, नाहीतर चौथ्या दिवशी इकडे माल भरायला बिनच उरत नाहीत. रिकामे बिन आणायला बाजारातला गाडीवाला नाखूश असतो, कारण त्याचं परतीचं भाडं बुडतं. तो अप-डाऊनचं भाडं सांगतो. ते २४ हजार धरलं तर स्वतःच्या गाडीत खेपेला दहा हजार वाचतात. आठ खेपांत महिन्याचा खर्च निघतो, बारा झाल्या तर ४५ हजार हातात राहतात.

दुसरी सोय फाउंड्रीवाल्यांना आहे. पुण्याच्या बाजूच्या प्रेस शॉपचं पत्र्याचं स्क्रॅप तुम्ही भट्टीसाठी आणतच असाल, आणि त्याचं भाडंही देत असाल. तेच आपल्या गाडीत आणलं तर परतीची फेरी भरली. मात्र या स्क्रॅपला तेल असतं, बारीक तुकडे फळ्यांच्या फटीत अडकतात, पावसाळ्यात त्या ओलीने गंज धरतो. दुसऱ्या दिवशी तशाच गाडीत तयार कास्टिंग भरलं तर तक्रार ठरलेली. आमच्याकडे स्क्रॅप उतरलं की हौदा झाडून, पुसून, रबरी शीट अंथरल्याशिवाय फोर्कलिफ्ट गाडीजवळ जात नाही. एवढी शिस्त जमणार नसेल तर स्क्रॅप वेगळ्या गाडीनेच आणा.

आता ताबा. गाडी आपली असली की ड्रायव्हर आपला, वेळ आपली, हे खरं आहे, आणि मला ते मोलाचं वाटतं. नेहमीच्या ड्रायव्हरला कंपनीचं कोणतं गेट, कुठल्या डॉकला माल उतरतो, पोचवर सही कोणाची घ्यायची, हे सांगावं लागत नाही. पण गेटवर थांबायची वेळ आली की हीच गोष्ट फसवी ठरते. बाजारातली गाडी दुसऱ्या दिवशीही उभी राहिली की हॉल्टिंग लागतं, फोन येतात, तुम्ही ग्राहकाच्या मागे लागता. आपली गाडी उभी राहते तेव्हा बिल येत नाही, म्हणून कोणी बोलत नाही. पण दोन दिवसांची खेप तीन दिवसांची झाली की बाराच्या आठ होतात, आणि वरचे ४५ हजार जवळजवळ सगळे गेले. म्हणून गाडी गेटला कधी लागली आणि बाहेर कधी पडली, या दोन वेळा वहीत लिहायला लावा. आपल्या गाडीच्या सगळ्यात आधी.

भरवशाचं म्हणाल तर दोन्हीकडे खड्डे आहेत. ऊस हंगाम सुरू झाला की आपल्या भागात गाड्या वाहतुकीला जुंपल्या जातात आणि ऐन वेळी मिळत नाहीत. मिळाल्या तर भाव चढा. अशा दिवसांत दारातली गाडी फार उपयोगी पडते. पण तिला ड्रायव्हर लागतो. दिवाळीत तो गावी गेला आणि चार दिवस आला नाही की गाडी नुसती उभी, हप्ता चालू. दोनच गाड्या असतील आणि एक गिअरबॉक्ससाठी गॅरेजला लागली तर निम्मी ताकद गेली. ट्रान्सपोर्टवाला त्याच संध्याकाळी दुसरी गाडी लावतो, तुम्ही ई-वे बिलाच्या भाग-ब मध्ये नंबर बदलता आणि माल निघतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, तेव्हा तर गाडी कोणाचीही असो, ती जागेवरच होती.

कराचं थोडक्यात: ट्रक घेताना भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, कारसारखं ते अडत नाही. पण डिझेल जीएसटीत नाही, म्हणून रोजच्या सगळ्यात मोठ्या खर्चातलं काही परत मिळत नाही.

मी स्वतः असं ठरवतो. वर्षातला सगळ्यात मंदीचा आठवडा बघायचा आणि त्या आठवड्यातही जेवढ्या खेपा बिन किंवा स्क्रॅप घेऊन दोन्ही बाजूंनी भरतात, तेवढ्यापुरतीच गाडी घ्यायची. त्यावरचा लोड बाजारातून, तोही एकाच ट्रान्सपोर्टवाल्याकडून नाही. दोघांना वर्षभर थोडं थोडं काम देत राहायचं आणि पैसे ठरलेल्या दिवशी द्यायचे. हंगामात गाडी कोणाला लावायची हे तोच ठरवतो, आणि तेव्हा तो आधी वेळेवर पैसे देणाऱ्याला फोन करतो. दोन गाड्यांचा विचार असेल तर आधी एकच घ्या, आणि सहा महिने तिच्या प्रत्येक परतीच्या फेरीत काय आलं ते लिहून ठेवा. दुसरी घ्यायची की नाही ते त्या वहीतून कळेल.