दिवे मालवल्यावर

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी वयस्कर लोकांसाठी गोळ्यांची डबी केली होती. सकाळचा कप्पा फिकट निळा, रात्रीचा फिकट जांभळा, झाकणांवर करड्या रंगात नाजूक अक्षरं. नुसतं मॉडेल घासून गुळगुळीत करण्यात तीन रात्री गेल्या होत्या.

ज्युरीतल्या एका मॅडमनी मला मध्येच थांबवलं, खोलीतले दिवे बंद करायला लावले आणि डबी माझ्याच हातात दिली. "रात्रीची गोळी काढ." पडद्याच्या फटीतून थोडा उजेड येत होता, पण दोन्ही कप्पे सारखेच राखाडी दिसत होते. अंदाजाने एक उघडला. तो सकाळचा निघाला.

"तुझे डोळे तरुण आहेत, तरी ही गत," त्या म्हणाल्या. "ही डबी तू पोर्टफोलिओसाठी केलीयेस, आजाऱ्यासाठी नाही."

ते फार लागलं. हेच शांतपणे सांगता आलं असतं, असं मला आजही वाटतं. मॉडेल कपाटावर गेलं ते गेलंच.

चार वर्षांनी नोकरीत दोन औषधांच्या खोक्यांचं काम आलं, एक सकाळी घ्यायचं आणि एक रात्री. सहकाऱ्याने पहिला नमुना टेबलावर ठेवला: फिकट निळा आणि फिकट जांभळा. काही बोलण्याआधी माझा हात दिव्याच्या बटणाकडे गेला होता.

अंधुक उजेडात सगळ्यांनाच रंग नीट ओळखू येत नाहीत. त्यात वय वाढलं की डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, निळा प्रकाश अडवतं आणि निळसर छटांमधला फरक पुसट होतो. नमुन्यावरच्या अक्षरांसाठी घेतलेला करडा `#999999` होता. पांढऱ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट जेमतेम २.८५ : १ भरतो, आणि वेबच्या सुगम्यता निकषांत साध्या मजकुराला किमान ४.५ : १ लागतो. छापील खोक्याला तो नियम लागू नाही, पण अंदाज यायला पुरतो.

आम्ही मजकूर काळा आणि मोठा केला, सूर्य-चंद्राची चित्रं टाकली. मंद दिव्यात साठीपुढच्या सहा जणांना खोकी दिली, तर चौघांना चंद्रकोर आणि सूर्य दोन्ही नुसते ठिपकेच दिसले. मग चित्रं काढून रात्रीच्या खोक्यावर जाड काळा पट्टा घेतला आणि त्या खोक्याचा एक कोपरा तिरका कापला. पुढच्या फेरीत एका आजींनी खोक्याकडे पाहिलंच नाही. कोपऱ्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "हे रात्रीचं."

पण त्यांनीच गोळ्यांची पट्टी बाहेर काढून खोकं बाजूला टाकलं, तेव्हा कापलेला कोपरा कामाचा राहिला नाही. त्या दुपारी तोच काळा पट्टा आम्ही पट्टीच्या मागच्या फॉइलवर, प्रत्येक गोळीच्या मागे येईल असा बसवला.